बेळगाव सीमाभागात ड्रायव्हर-डिलिव्हरीच्या नोकरीची मुलाखत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात दरवर्षी कितीतरी मुलं छोटा हत्ती किंवा पिकअपवर ड्रायव्हर म्हणून लागतात. एखाद्या वितरकाच्या गोडाऊनमधून माल भरायचा, शहरातल्या गल्ल्यांत आणि सीमेपलीकडे चंदगड तालुक्यात पोचवायचा, सही आणि पैसे घेऊन परतायचं, असं हे काम. अशा नोकरीसाठी येणाऱ्यांच्या मुलाखतींना मी मालकाच्या शेजारी बसतो. मुलं मला जे प्रश्न विचारतात आणि मुलाखतीत जिथे अडखळतात, ते इथे लिहिलं आहे.

माझ्या लायसन्सवर फक्त एलएमव्ही आहे, ट्रान्सपोर्ट नाही. मालवाहू गाडीची नोकरी मिळेल का?

मिळेल. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 ला हा वाद मिटवला. गाडीचं एकूण वजन, म्हणजे मालासकटची मंजूर मर्यादा, 7,500 किलोच्या आत असेल तर साध्या एलएमव्ही लायसन्सवर ती मालवाहू गाडी चालवता येते, वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही. छोटा हत्ती आणि पिकअप या मर्यादेच्या खूपच आत आहेत. काही मालकांना हा निकाल अजून माहीत नाही. "ट्रान्सपोर्ट नसेल तर विमा मिळत नाही" असं ते ऐकून असतात, आणि पूर्वी याच मुद्द्यावर विमा कंपन्या दावे नाकारायच्या, त्यामुळे त्यांची भीती अगदीच बिनबुडाची नाही. तेव्हा वाद घालू नका. "साहेब, 2024 चा निकाल आहे, तुमच्या विमा एजंटला एकदा विचारून घ्या," एवढं शांतपणे सांगा.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. मालवाहू गाडीसाठी वयाची 20 वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे अठराव्या वर्षी लायसन्स मिळालं तरी दोन वर्षं थांबावं लागतं. आणि गॅस सिलिंडर, पेट्रोल, रसायनं असा धोकादायक माल असेल तर त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर वेगळी नोंद लागते. त्या अटीला या निकालाने हात लावलेला नाही.

लायसन्स कोल्हापूरचं आहे. बेळगावात चालेल का?

चालतं. लायसन्स कुठल्याही राज्याचं असो, देशभर वैध असतं. चंदगड, गडहिंग्लजची बरीच मुलं एमएच-09 चं लायसन्स घेऊन इथे काम करतात. अडचण असते ती दुसरीच. कार्डावर वैधतेच्या दोन तारखा असू शकतात, एक खाजगी वाहनांसाठी आणि एक ट्रान्सपोर्टसाठी. ट्रान्सपोर्टची मुदत पाच वर्षांचीच असते, आणि बरेच जण फक्त पहिली, लांबची तारीख बघून निर्धास्त असतात. मुलाखतीला निघण्याआधी कार्ड उलटसुलट करून दोन्ही तारखा वाचा. मुदत संपून एक वर्ष उलटलं असेल तर नूतनीकरणासाठी पुन्हा ड्रायव्हिंगची परीक्षा द्यावी लागते, म्हणून तिथवर जाऊ देऊ नका.

मालक तुमच्यासमोरच parivahan.gov.in वर नंबर टाकून बघू शकतो, आणि त्याने बघावंच. मूळ लायसन्स "आमच्याकडे ठेव" असं कुणी म्हटलं तर देऊ नका. झेरॉक्स द्या, डिजिलॉकरवर दाखवा. रस्त्यावर पोलिसांना लायसन्स तुम्हाला दाखवायचं आहे, मालकाला नाही.

"रस्ते माहीत आहेत का?" यावर काय उत्तर द्यायचं?

"सगळं बेळगाव पाठ आहे" हे उत्तर सगळेच देतात, म्हणून त्याला किंमत उरत नाही. आमच्याकडे मालक एक कागद पुढे करतो आणि म्हणतो, "हे चार ठेपे. कसं जाशील सांग." कागदावर साधारण असं असतं: गोडाऊन उद्यमबागेत. माल गणपत गल्लीतल्या एका दुकानाला, टिळकवाडीत दोन घरांना, हिंडलग्यात एका किराणा दुकानाला आणि शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याला द्यायचा आहे.

नवखा मुलगा अंतर बघतो. उद्यमबागेतून निघाल्यावर टिळकवाडी आधी लागते, म्हणून तो टिळकवाडी पहिली धरतो, मग बाजार, मग हिंडलगा, मग शिनोळी. नकाशावर हे बरोबर दिसतं. पण तो गणपत गल्लीत साडेदहा-अकराला पोचतो. तोवर दुकानं उघडलेली, दुचाक्या दोन्ही बाजूंना लागलेल्या, आणि पिकअप उभी करायला जागाच नसते. तिथे अर्धा-पाऊण तास गेला की शिनोळीला कारखान्याच्या स्टोअरची जेवणाची सुट्टी गाठते, आणि गाडी गेटबाहेर ताटकळत बसते.

ज्याने हे काम केलंय तो असं सांगतो: "आदल्या संध्याकाळी गणपत गल्लीच्या दुकानदाराला फोन करून सकाळी नऊला माणूस हजर ठेवायला सांगेन. साडेआठला निघून आधी बाजार उरकेन. तिथून हिंडलगा, मग सरळ वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी, एकच्या आत. टिळकवाडीची घरं परतीच्या वाटेवर, चारनंतर. तेव्हा लोक घरी भेटतात." आणि मग जो पुढचं वाक्य बोलतो त्याच्याकडे मालक मान वर करून बघतो: "म्हणून भरताना टिळकवाडीचा माल सगळ्यात आत, मग शिनोळी, मग हिंडलगा, आणि गणपत गल्लीचा फाळक्याजवळ." जो माल आधी उतरायचा तो शेवटी भरायचा. हे ज्याला सुचतं त्याने खरंच माल उतरवलेला असतो.

इथे एक उलटप्रश्नही जरूर विचारा: "टिळकवाडीवाल्यांनी सकाळची वेळ मागितली आहे का?" मागितली असेल तर सगळा बेत बदलतो. न विचारता ठोकून दिलेल्या उत्तरापेक्षा हा प्रश्न मला जास्त भरवशाचा वाटतो.

पत्ता अर्धवट असेल तर कसा शोधायचा, हे विचारतात का?

हमखास. पिनकोड आधी बघा. 590 आणि 591 ने सुरू होणारा पिन बेळगाव जिल्ह्यातला, 416 ने सुरू होणारा असेल तर माल महाराष्ट्रात, कोल्हापूर, सांगली किंवा सिंधुदुर्गच्या बाजूला जायचा आहे. सीमेवरच्या गावांत हा फरक पत्त्याच्या नावावरून कळत नाही, पिनवरून कळतो. मग ग्राहकाला निघण्याआधी फोन करून जवळची खूण विचारायची: देऊळ, शाळा, तालीम, रेल्वे गेट. टिळकवाडीकडे लोक "पहिल्या गेटजवळ", "दुसऱ्या गेटच्या अलीकडे" असाच पत्ता सांगतात, तेव्हा गेटांचा क्रम आणि ती कोणत्या रस्त्यावर आहेत हे माहीत हवं. गेट पडलं की किती खोळंबा होतो हेही.

सीमा ओलांडून माल न्यायचा तर कोणते कागद लागतात? ड्रायव्हरला हे का विचारतात?

कारण वाटेत अडवलं तर कागद ड्रायव्हरच्याच हातात असतात, मालक गोडाऊनमध्ये असतो. गाडीचे नेहमीचे कागद म्हणजे आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी. दुसऱ्या राज्यात जायचं असेल तर परमिट तिथे चालतं का ते आधी विचारायचं. मालाचं बिल सोबत हवं. आणि जीएसटी लागणाऱ्या एका खेपेची किंमत करासकट 50,000 रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल.

इथे बेळगावची मुलं नेहमी फसतात. "शिनोळी तर इथेच आहे, 15-20 किलोमीटर, त्याला कसलं ई-वे बिल?" अंतर कितीही कमी असो, राज्य बदललं की व्यवहार आंतरराज्य होतो. समजा, शिनोळीच्या कारखान्यासाठी 62,000 चा माल आहे. ई-वे बिल लागणारच, आणि त्याच्या भाग ब मध्ये तुमच्याच गाडीचा नंबर असायला हवा. सकाळी गाडी चालू झाली नाही, मालक म्हणाला दुसरी पिकअप घे, आणि नंबर तोच जुना राहिला, तर कागद असून नसल्यासारखा होतो. म्हणून माल दुसऱ्या गाडीत गेला की आधी गोडाऊनला सांगून नंबर बदलून घ्यायचा, मग गाडी हलवायची. ई-वे बिलाची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस अशी धरतात, तेव्हा जवळच्या फेरीलाही बिलावरची तारीख बघूनच निघा. "ई-वे बिल काढता येतं का?" असं विचारलं तर खोटं "हो" म्हणू नका. काढणं ऑफिसचं काम, वाचणं तुमचं. "काढलेलं नाही, पण गाडी नंबर, मुदत आणि बिल नंबर जुळतो का ते बघून निघतो," हे पुरेसं आहे.

किती माल भरायचा, हे मालक सांगेल तसंच ना?

नाही. आरसीवर दोन वजनं असतात, गाडीचं रिकामं वजन आणि मालासकटचं मंजूर वजन. समजा मंजूर वजन 2,700 किलो आणि रिकामं 1,600. फरक 1,100 किलो. त्यातून तुमचं आणि हमालाचं मिळून 140 किलो वजा करा, उरले 960. म्हणजे 50 किलोची 19 पोती, विसावं नाही. मुलाखतीत हा हिशोब विचारत नाहीत, पण "25 पोती बसतील का?" असं सहज विचारून बघतात. हौद्यात बसतील, वजनात बसणार नाहीत. "साहेब, दोन फेऱ्या करू" असं म्हणणाऱ्याला काही मालक नाकारतात. अशा ठिकाणी नोकरी न मिळालेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. जास्त भरलेल्या गाडीचा टायर घाटात फुटला तर स्टिअरिंगवर तुम्ही असता.

सुरक्षिततेबद्दल काय विचारतात? "मी हळू चालवतो" एवढं पुरतं का?

पुरत नाही. या भागाचे दोन धोके तुम्हाला नावानिशी सांगता आले पाहिजेत.

पहिला, तवंदी घाट. बेळगावहून कोल्हापूरकडे जाताना संकेश्वर सोडलं की निपाणीच्या अलीकडे स्तवनिधीपाशी हा उतार लागतो. रस्ता रुंद आणि गुळगुळीत, त्यामुळे उतार जाणवत नाही, आणि तिथेच भरलेल्या गाड्यांचे ब्रेक जातात. मालक विचारतो, "तवंदी कसा उतरतोस?" डिझेल वाचवायला न्यूट्रल करतो असं जो म्हणतो, त्याची मुलाखत तिथेच संपते, आणि संपायलाच हवी. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला आवरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पकडत नाहीत. इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मिळणारी जोडही जाते आणि पेडल दगडासारखं कडक होतं. बरोबर उत्तर हे: उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्यायचा, चढताना जो लागला असता साधारण तोच. गाडी इंजिनवर धरायची. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. वेग वाढला की नीट दाबून कमी करायचा आणि सोडायचा. जळका वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं, तर खालचा गिअर घेऊन डावीकडे जागा मिळेल तिथे थांबायचं आणि ब्रेक थंड होऊ द्यायचे. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही.

दुसरा, उसाचा हंगाम. नोव्हेंबरपासून साधारण मार्चपर्यंत निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी भागात रात्री दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने किंवा बाहेर आलेल्या उसाने झाकलेला. समोरून गाडी येत असताना तिच्या उजेडात ट्रॉली अजिबात दिसत नाही. रस्त्यावर पडलेला ऊस, पाचट आणि चिपाडं दिसू लागली की पुढे ट्रॅक्टर आहे असं धरून चालायचं आणि वेग आपल्या दिव्याच्या उजेडात थांबता येईल इतकाच ठेवायचा. हे मुलाखतीत सांगणारा मुलगा त्या भागात रात्री गाडी चालवलेला आहे, हे लगेच कळतं.

पावसाळ्यात गोव्याची फेरी असेल तर जांबोटी-कणकुंबीच्या पुढे चोर्ल्याचं धुकं विचारतात. दिवे डिपरवर ठेवायचे, अप्पर लावला तर धुकंच पांढरं होऊन डोळ्यावर येतं.

गाडी चालवून बघतात तेव्हा काय बघतात?

चावी हातात दिल्यावर तुम्ही आधी काय करता ते. जो सरळ सीटवर चढतो त्याचे गुण तिथेच कमी होतात. गाडीभोवती एक फेरी मारा, टायर बघा, खाली तेल-पाणी सांडलंय का बघा, फाळक्याचे हूक ओढून बघा, ऑइल आणि पाणी बघा, मग बसा, आरसे लावा, पट्टा लावा. पुढे शहापूर किंवा वडगावच्या एखाद्या अरुंद गल्लीत रिव्हर्स घ्यायला लावतात. शंका आली की थांबा, उतरून मागे बघून या, पुन्हा बसा. त्याचे गुण जात नाहीत.

ग्राहक भांडला तर काय करशील, याला उत्तर काय?

"गोड बोलेन" हे उत्तर नाही. मालकाला तीन गोष्टी हव्या असतात: माल, पैसा आणि सही यांचं काय झालं. एक प्रसंग घ्या, हा आम्ही तोंडी विचारतो. किराणा दुकानदाराची दहा खोक्यांची ऑर्डर. उतरवून झाल्यावर तो म्हणतो, "नऊच आलीत, आणि एक फुटलेलं. पैसे पुढच्या फेरीला." आवाज चढलेला, दुकानात चार माणसं.

चांगलं उत्तर असं येतं: "काका, एकदा तुमच्यासमोर मोजतो." मग खरंच मोजायचं, खोकं एकेक करून, त्यांच्या माणसाला बरोबर घेऊन. बऱ्याचदा दहावं खोकं आत कुणीतरी आधीच लावलेलं असतं, आणि सगळ्यांसमोर सापडलं तर मिरवायचं नाही, "बरं झालं सापडलं" म्हणून पुढे जायचं. फुटलेलं खरंच फुटलेलं असेल तर फोटो काढून चलनाच्या दोन्ही प्रतींवर लिहायचं, "9 चांगली, 1 फुटलेलं परत," आणि खाली त्यांची सही-शिक्का. एकाच प्रतीवर लिहिलं तर महिन्याअखेरीला वाद पुन्हा उभा राहतो. उधारीचा निर्णय ड्रायव्हरचा नाही. "काका, मला तेवढा अधिकार नाही, मालकांना फोन लावून देतो, तुम्हीच बोला," म्हणत फोन त्यांच्या हातात द्यायचा. मालक "हो" म्हणाला तर तेही चलनावर लिहायचं. "नाही" म्हणाला तर माल परत भरायचा, एक शब्द वर न बोलता.

ऑनलाइन पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट दाखवला तर तो पैसे आल्याचा पुरावा धरू नका. गोडाऊनच्या खात्यावर आले का ते विचारा, मगच सही घ्या. नोटा ग्राहकासमोरच मोजा.

कुणी अंगावर आलं, तर माल तिथेच राहिला तरी चालेल, तुम्ही गाडीत बसून निघा आणि फोन करा. एवढं सांगायला कुणी लाजू नये.

कन्नड येत नसेल तर अडचण होईल का?

थोडी होईल. पूर्ण बोलता यायची गरज नाही, पण दारात उभं राहून "नमस्कार री, पार्सल बंदैत्री" आणि फोनवर "एल्लि बरबेक्री?" एवढं यायलाच हवं. रविवार पेठेतला व्यापारी मराठीत बोलेल, बैलहोंगलकडचा कदाचित नाही. ग्राहक ज्या भाषेत सुरुवात करतो त्याच भाषेत दोन शब्द बोललात की पुढचं काम हिंदी-मराठी मिसळून निभतं. भाषेवरून कुणी टोचून बोललं तर उत्तर देऊ नका. तुम्ही तिथे माल द्यायला गेलेले आहात, आणि उद्या पुन्हा जायचं आहे.

सीमाप्रश्नावरून बंद किंवा आंदोलन झालं तर?

हा प्रश्न इथेच विचारतात. 6 डिसेंबर 2022 ला हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या गाड्यांवर दगडफेक झाली होती. असं वातावरण असलं की बस आधी थांबतात. सकाळी सीमेपलीकडच्या बस चालू आहेत का हे स्टँडवर विचारणं, ही सगळ्यात सोपी खबर. बस बंद असतील तर फेरीच निघू नये असं मालकाला सांगा. वाटेत अडकलात तर गाडी पोलिस चौकी किंवा पेट्रोल पंपाजवळ लावा, लोकांशी नंबरप्लेटवर चर्चा करू नका, गोडाऊनला ठिकाण कळवा.

आधी अपघात किंवा दंड झाला असेल तर सांगायचं का?

सांगायचं. गाडीच्या नंबरवरून ई-चलन दिसतं, आणि बेळगावात ड्रायव्हर एकमेकांना ओळखतात. काय झालं, चूक कुणाची, त्यानंतर तुम्ही काय बदललं, तीन वाक्यांत सांगा आणि थांबा.

दुचाकीवरच्या डिलिव्हरीची मुलाखत वेगळी असते का?

कागद कमी, प्रश्न तेच. गिअरची दुचाकी चालवायचं लायसन्स, विमा, पीयूसी आणि हेल्मेट. पाठीवरची पेटी भरून झाल्यावर ब्रेकला जास्त अंतर लागतं, हे स्वतःहून सांगितलंत तर चांगलं. फोन हँडलवर लावलेला हवा, एका हातात धरून नकाशा बघणारा मुलगा आम्ही घेत नाही.

मी मालकाला काय विचारावं?

पगार किती हे विचारालच. त्याबरोबर हे विचारा: सीमेपलीकडच्या फेरीचा भत्ता वेगळा आहे का, ओव्हरलोडचा किंवा कागद नसल्याचा दंड कोण भरणार, फुटलेल्या मालाचे पैसे पगारातून कापतात का, हमाल सोबत असतो का. "दंड ड्रायव्हरचाच" असं उत्तर आलं तर विचारा, जास्त माल भरायचा निर्णयही ड्रायव्हरचाच का. नम्रपणे विचारलं तर कुणी रागावत नाही.

नोकरी मिळाली. पहिल्या दिवशी गाडी ताब्यात घेताना काय करू?

गाडीच्या चारही बाजूंचे, हौद्याचे आणि मीटरवरच्या किलोमीटरचे फोटो काढून मालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, म्हणजे जुना पोचा तुमच्या नावावर पडणार नाही. विमा आणि फिटनेसच्या तारखा स्वतः वाचा. स्टेपनीत हवा, जॅक, पाना, ताडपत्री आणि दोर आहेत का बघा, नसतील तर त्याच व्हॉट्सॲप मेसेजमध्ये तसं लिहा, आणि ते मिळेपर्यंत लांबची फेरी घेऊ नका.